भाजणीच्या धंद्याचे एक पान

गेल्या महिन्यात दिवाळीच्या ऑर्डरी संपल्या आणि पहिल्यांदाच वर्षाच्या मध्यावर मला नेमके माहीत होते की किती विकले, किती उरले आणि अजून किती विकायचे आहे. हे सगळे एका पानावर आहे. ते पान लिहायला मला जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत वेळ लागला आणि दोनदा मी ते अर्धवट सोडले. माझ्यासारख्या घरातून धंदा सुरू केलेल्या बायकांना निदान सुरुवात कुठून करायची ते कळावे, म्हणून झाले तसे लिहिते आहे.

मी बडोद्यात थालिपिठाची आणि चकलीची भाजणी करून विकते. जोडीला थोडा गोडा मसाला आणि मेतकूट. सुरुवात सासूबाईंच्या प्रमाणाने, ओळखीच्या मराठी घरांसाठी झाली. कागदपत्रे मी आधीच करून ठेवली होती. लहान उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. तसेच दिसणारी खासगी संकेतस्थळे फी मागतात, तिथे भरू नका. खाण्याच्या वस्तूंसाठी एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची मूळ नोंदणीही केली. मी केली तेव्हा वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर ती पुरत होती आणि वर्षाला १०० रुपये फी होती. तो १४ आकडी नंबर पाकिटावर छापावा लागतो.

अडचण वेगळीच होती. २०२४ च्या दिवाळीत रात्री बारापर्यंत भाजत बसले, एका ऑक्टोबरात ३१० किलो भाजणी गेली, आणि डिसेंबरात हातात काही नव्हते. मला वाटले, स्वतःची दळायची मशीन घेतली तर सुटेल. मशीन ३८,००० रुपयांची. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचे शिशु कर्ज तारण न ठेवता मिळते, म्हणून ६ जानेवारीला, सोमवारी, बँकेत गेले. दीड तास बसल्यावर साहेबांनी मशीनचे कोटेशन आणि प्रोजेक्ट रिपोर्ट आणायला सांगितले.

रिपोर्ट कसा करतात हे मला ठाऊक नव्हते. टायपिंगच्या दुकानात २,५०० रुपयांत चौदा पानांचा तयार करून मिळाला. मध्ये उत्तरायण आले, दोन दिवस सगळे गाव पतंग उडवायला गच्चीवर, त्यामुळे हातात पडला १७ तारखेला. त्यात माझी वर्षाची विक्री १८ लाख लिहिली होती. बँकेत साहेबांनी साधा प्रश्न विचारला, "बेन, हे १८ लाख म्हणजे महिन्याला किती किलो?" मला सांगता आले नाही. त्यांनी फाइल परत दिली, रागावले नाहीत, पण घरी येईपर्यंत माझे डोळे भरून आले होते. माझाच धंदा आणि त्यातले काहीच मला सांगता येत नाही, याची लाज वाटली.

आमच्या शेजारचे काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना फाइल दाखवली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, "अगं, हे बँकेसाठी आहे. तू आधी तुझ्यासाठी एक पान लिही. एकच. आणि त्यातला पहिला आकडा विक्रीचा नको, एक किलोचा लिही. एका किलोमागे तुझ्या हातात काय उरते?"

मी लगेच म्हटले, "धान्य ७८ रुपयांचे लागते, विकते २४० ला. म्हणजे १६२." ते म्हणाले, "एक घाणा माझ्यासमोर कर."

तो घाणा माझ्या चांगला लक्षात आहे. २६ जानेवारीचा दिवस, रविवार. काकांनी एका वहीत वेळ लिहायला घेतली. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ आणि धने मिळून १० किलो मोजून घेतले. प्रत्येक धान्य वेगळे भाजायचे, कारण तांदळाला लागणारा वेळ आणि डाळीला लागणारा वेळ एक नाही. मंद आंचेवर तांबूस होऊन वास सुटेपर्यंत हात थांबत नाही. सगळे भाजून परातीत गार व्हायला ठेवले तेव्हा ३ तास ४० मिनिटे झाली होती. पुन्हा वजन केले तर साडेनऊ किलो. पाणी उडाले म्हणजे अर्धा किलो गेले. चक्कीवरून आणल्यावर ९ किलो २०० ग्रॅम. तिथे पाळ्यात राहते, थोडे उडते. हे मी इतक्या वर्षांत कधी मोजलेच नव्हते. धान्याचा आकडा काढताना ही घट धरूनच काढायचा. माझे ७८ नशिबाने तसेच निघाले.

मग बाकीचे लिहिले. किलोमागे दळण ८ रुपये, गॅस ८, अर्ध्या किलोची दोन पाकिटे लेबलांसकट १२. मदतीला येणाऱ्या बेनना मी एका घाण्याचे १८५ देते, म्हणजे किलोमागे २०. एकूण १२६. उरले ११४. मी १६२ समजून वर्षभर हिशेब करत होते आणि किलोमागे ४८ रुपये कुठे जातात ते मला दिसतच नव्हते.

त्यानंतरचा भाग कंटाळवाणा होता, पण त्याशिवाय पान होत नाही. एप्रिल २०२४ पासूनच्या वह्या, फोनमधल्या ऑर्डरी आणि बँकेचे पासबुक घेऊन मी किलो मोजले. फेब्रुवारीचे दोन आठवडे त्यात गेले, रोज जेवणे उरकल्यावर तासभर. महिन्याची सरासरी ९५ किलो आली. वेगळ्या वहीत महिन्याचा ठरलेला खर्च लिहिला: खोलीचे भाडे ४,०००, वीज ८००, फोन आणि स्कूटरचे पेट्रोल १,७००, किरकोळ ५००. हे ७,००० एक किलोही विकला नाही तरी जाणारच. मसाला आणि मेतकुटातून महिन्याला २,००० उरत होते.

आता गणित सोपे झाले. ९५ किलोचे ११४ प्रमाणे १०,८३०, त्यात २,००० मिळवले, ७,००० वजा केले, की ५,८३०. ही माझी महिन्याची खरी कमाई होती. आकडा कमी होता, पण तो बघून मला बरे वाटले. डिसेंबरात पैसे कुणी नेले नव्हते, ते मुळात नव्हतेच.

काकांनी पुढचा प्रश्न विचारला तो असा: "तुला घरी किती न्यायचे आहेत?" मी १५,००० म्हटले. मग उलटे यायचे. १५ हजार अधिक ७ हजार खर्च, वजा मसाल्याचे २ हजार, म्हणजे भाजणीने २०,००० आणायला हवेत. भागिले ११४, म्हणजे महिन्याला १७६ किलो. सध्याच्या जवळजवळ दुप्पट. "घेणार कोण?" काकांनी विचारले. मला उत्तर सुचले नाही. मी चिडून दहा दिवस वहीला हात लावला नाही.

पुन्हा बसले तेव्हा कळले की हलवता येण्यासारखे दोन आकडे माझ्याच हातात आहेत. एक भाव. २४० मी दोन वर्षांपूर्वी ठरवला होता, तोही अंदाजाने. तो २६० केला तर किलोमागे ११४ चे १३४ होतात. दुसरा माझी अपेक्षा. पहिल्या वर्षी १२,००० धरले. मग भाजणीने १७,००० आणायचे, म्हणजे महिन्याला १२७ किलो, वर्षाला सुमारे १,५२०. गेल्या वर्षीच्या अंदाजे १,१४० पेक्षा जवळजवळ ४०० जास्त. एवढे मला डोळ्यांपुढे आणता येत होते. भाव वाढवल्यावर चार घरे सुटली, हेही सांगून ठेवते. बाकीच्यांनी विचारलेसुद्धा नाही.

हे ४०० किलो कुठून येणार, हे पानावर लिहिल्याशिवाय काका सोडेनात. आधी मी लिहिले, "दुकानांत ठेवणार." दांडिया बाजारातल्या एका दुकानात चौकशी केली, २० टक्के कमिशन. २६० चे ५२ त्यांचे, मला किलोमागे ८२ उरतात. खोडले. वहीत मात्र १४० गिऱ्हाइके होती आणि त्यातली ५२ एकदाच घेऊन गेलेली. त्यांना मी पुन्हा कधी विचारलेच नव्हते. म्हणून ओळ अशी झाली: ६० घरे नेहमीची गिऱ्हाइके म्हणून बांधून घ्यायची, प्रत्येकी महिन्याला अर्धा किलो. त्याचे वर्षाला ३६० होतात. राहिलेले ४० दिवाळीत.

आणि मग ती गोष्ट झाली जिच्यासाठी मी हे सगळे लिहिते आहे. पानावर एक ओळ होती, "काय अडवते?" मी लिहिले होते, "दळायची मशीन नाही." त्या दिवशी बेन भाजत होत्या. मी त्यांना सहज विचारले तर म्हणाल्या, "भाभी, चक्कीवर जाऊन यायला तास लागतो. वेळ तर इथे कढईपाशी जातो." मी २६ जानेवारीची वही काढली. भाजायला ३ तास ४० मिनिटे, दळायला जाऊन-येऊन एक तास. आम्ही महिन्यातून बारा दिवस काम करतो, दिवसाला एक घाणा, म्हणजे जेमतेम ११० किलो. मशीन घेतली असती तरी ११० चे ११० च राहिले असते आणि वर हप्ता आला असता. मला १२७ हवे होते.

दोन शेगड्यांची भट्टी आणि एक मोठी लोखंडी कढई, ९,५०० रुपये. आता बेन एका शेगडीवर आणि मी दुसऱ्या शेगडीवर, साडेचार तासांत दोन घाणे निघतात. बारा दिवसांत २२० किलोपर्यंत जाता येते. कर्जाची फाइल मी बंद केली. तुमचा धंदा शिलाईचा असो वा डब्यांचा, मशीन घेण्याआधी एका कामाच्या प्रत्येक टप्प्याला घड्याळ लावा. सगळ्यात जास्त वेळ जिथे जातो तिथेच पैसा घालायचा. दुसरीकडे घातला तर माल एक किलोनेही वाढत नाही.

३० मार्चला, गुढीपाडव्याला, पान पूर्ण झाले. चौथा खर्डा होता. जसे आहे तसे देते:

"कुणाला काय: बडोद्यातल्या मराठी घरांना थालिपिठाची व चकलीची भाजणी, ताजी, थेट घरी. भाव २६०. किलोमागे उरतात १३४.
वर्षाचे ध्येय: १,५२० किलो. एप्रिल-जून २७०, जुलै-सप्टेंबर ३३०, ऑक्टोबर-डिसेंबर ६००, जानेवारी-मार्च ३२०.
कुठून: ६० घरे, महिन्याला अर्धा किलो. दर दीड महिन्याने जुन्या गिऱ्हाइकांना निरोप.
काय अडवते: भाजणे. एप्रिलमध्ये भट्टी.
काय करणार नाही: नवीन पदार्थ, दुकाने, उधारी.
धोका: पावसाळ्यातला ओलावा. धान्य जमिनीवर ठेवायचे नाही.
घरी न्यायचे: महिन्याला १२,०००."

खाली बारा चौकटी, प्रत्येकीत वर ठरलेले शाईने आणि खाली झालेले पेन्सिलीने. धान्याची ओळ लिहिण्याचे कारण सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या दोन गोण्या भिजल्या होत्या.

आता चूक सांगते. पानाची शेवटची ओळ चुकीची होती आणि ती काकांच्याही नजरेतून सुटली. १२,००० ही वर्षाची सरासरी होती. विक्री मात्र सारखी नाही, दिवाळीच्या तिमाहीत बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट. मी एप्रिलमध्ये १२,००० घेतले, मेमध्ये १२,०००. त्या दोन महिन्यांत मिळून १५० किलो गेले होते, कारण सुट्टीत निम्मी घरे महाराष्ट्रात जातात. हिशेबाने मला दोन महिन्यांचे मिळून १०,१०० च उचलता येत होते. वरचे जवळपास १४,००० मी धान्याच्या आणि पाकिटांच्या पैशांतून खाल्ले. जूनच्या पहिल्या आठवड्यात हाथीखान्यात धान्य घ्यायला गेले आणि यादीतली उडीद डाळ आणि धने न घेता परत आले. अशी वेळ आली की ओळखायचे: विक्री ठीक आहे पण माल भरायला पैसे नाहीत, म्हणजे घरी जास्त जाते आहे.

३० जूनला तिमाही मांडली. ठरले होते २७०, झाले २३१. घरे बांधली गेली होती ३८. पान फाडून टाकावेसे वाटले. काकांनी एवढेच सांगितले की वर्षाचा आकडा जूनमध्ये बदलायचा नाही, घरी न्यायची ओळ मात्र आजच बदल. नवीन ओळ अशी: "सप्टेंबरअखेरपर्यंत महिन्याला ५,०००. बाकीचे दिवाळीनंतर." घरी हे सांगणे कठीण गेले. मुलीच्या क्लासची फी मी त्यातून भरणार होते, ती यजमानांनी भरली.

जुलैत आणखी एक गोष्ट शिकले. १४ किलो भाजणी टाकून द्यावी लागली. घाईत चक्कीवरून आल्याआल्या पाकिटात भरली होती. दुसऱ्या दिवशी पाकिटाच्या आतून बारीक दव धरलेले दिसले, आठवड्यात गुठळ्या झाल्या आणि वास लागला. आता पीठ परातीत पसरून हाताला पूर्ण गार लागेपर्यंत भरत नाही. पेन्सिलीने त्या चौकटीत "वजा १४" लिहिले आहे, कारण ते विकलेल्यात धरले तर पान खोटे होते.

दिवाळीसाठी पानाने सगळ्यात जास्त काम केले. ऑक्टोबरसाठी अंदाजे ४०० किलो धरले तर धान्य आणि पाकिटे मिळून ३६,००० आधी लागणार होते आणि ते माझ्याकडे नव्हते. शिवाय नवरात्र २२ सप्टेंबरला बसत होते आणि बडोद्यात त्या रात्री कुणी कामाचे नाव काढत नाही, बेनही नाहीत आणि मीही नाही. दसरा २ ऑक्टोबरला, दिवाळी २० तारखेला, आणि चकलीची भाजणी बायकांना पाच-सहा दिवस आधी हवी. म्हणजे दसऱ्यानंतर हातात बाराच दिवस, रोज दोन घाणे, २२० किलो. उरलेली १८० नवरात्राआधीच व्हायला हवी होती.

१ सप्टेंबरला सगळ्यांना निरोप पाठवला: दिवाळीची ऑर्डर २० तारखेपर्यंत, निम्मे पैसे आधी. आगाऊ पैसे मागायला मला फार संकोच वाटत होता. निरोप लिहून दोन दिवस पाठवला नव्हता, ३० ऑगस्टपासून फोनमध्ये पडून होता. पण ३१,००० आगाऊ आले. पाच हजार माझे घातले. ऑक्टोबरमध्ये ३९६ किलो गेली आणि एकाही रात्री दहानंतर भट्टी पेटली नाही. जुलै-सप्टेंबरचे ३४७ झाले होते, ठरलेल्या ३३० पेक्षा थोडे वर.

कुणाला असे पान लिहायचे असेल तर माझा सल्ला एवढाच की मार्चमध्ये सुरू करू नका, कारण जुन्या वह्यांतून आकडे काढायलाच दोन आठवडे जातात. कागद शिधासामानाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, फायलीत ठेवू नका. मी दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी चहाच्या वेळी चौकट भरते, पंधरा मिनिटे लागतात. एकूण खर्च म्हणाल तर ते २,५०० रुपये जे टायपिंगला गेले, आणि भट्टीचे ९,५००.

नोव्हेंबरची चौकट अजून रिकामी आहे. ऑक्टोबरपर्यंत ९७४ किलो झाले, मार्चअखेरपर्यंत ५४६ राहिले. बांधलेली घरे आता ५१ आहेत. नऊ घरांची यादी काढली आहे, आज दुपारपासून एकेकीला फोन करायला बसते.